‘शून्य टक्के एनपीए’च्या प्रेसनोटची बातमी करताना

प्रश्न : मी एका तालुक्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेत जनसंपर्काचं काम बघते. वर्षअखेरची प्रेसनोट पाठवली तर दोन दैनिकांनी “ही जाहिरात आहे, जाहिरात विभागाकडे द्या” म्हणून परत केली. ‘गगनभरारी’, ‘अग्रगण्य’ असे शब्द काढून पुन्हा पाठवली, तरी तेच उत्तर. खाली पहिली, मूळ नोट देतेय, नाव काढलंय आणि आकडे बदललेत. कच्चा ताळेबंदही जोडलाय, ऑडिट अजून चालू आहे. एक अडचण अशी की ऊसवाहतूकदारांची काही वाहनकर्जं यंदा थकली आहेत, ते लिहायचं की नाही? अध्यक्षांना ते नको आहे.

“ग्राहकांच्या अतूट विश्वासाची पावती! सहकार क्षेत्रातील अग्रगण्य असलेल्या आपल्या बँकेने सरत्या आर्थिक वर्षात गगनभरारी घेत तब्बल ६८१ कोटींच्या विक्रमी व्यवसायाचा टप्पा लीलया पार केला आहे. अध्यक्षांच्या दूरदर्शी नेतृत्वाखाली बँकेने शून्य टक्के एनपीएची गौरवशाली परंपरा कायम राखत ऐतिहासिक नफा कमावला असून सभासदांना १० टक्के घसघशीत लाभांश देण्यात येणार आहे. अत्याधुनिक डिजिटल सुविधा देणाऱ्या या बँकेत आपली ठेव शंभर टक्के सुरक्षित आहे. सोनेतारण कर्ज सर्वात कमी व्याजदरात उपलब्ध असून जास्तीत जास्त ग्राहकांनी लाभ घ्यावा, असे आवाहन अध्यक्षांनी केले आहे.”

उत्तर :

ताळेबंद जोडलात ते फार बरं केलंत, कारण या नोटेचं खरं दुखणं तिथे गेल्याशिवाय कळत नाही. विशेषणं काढल्यावरही नोट परत आली, याचं कारण विशेषणांच्या मागे उरलेला मजकूरच जाहिरातीचा आहे. ‘विक्रमी’ काढलंत तरी ‘६८१ कोटींचा व्यवसाय’ राहतो. ‘गौरवशाली’ काढलंत तरी ‘शून्य टक्के एनपीए’ राहतो. आर्थिक बातम्या बघणारा उपसंपादक नेमका या दोन आकड्यांवर थांबतो. तेव्हा एकेक दावा घेऊन ताळेबंदाशी ताडून बघू.

आधी ६८१ कोटी. तुमच्या ताळेबंदात ३१ मार्च २०२५ अखेर ठेवी ४१२ कोटी ६० लाख आहेत आणि येणे कर्ज २६८ कोटी ४० लाख. या दोन्हींची बेरीज म्हणजे ‘एकूण व्यवसाय’. बँकिंगमध्ये ही बेरीज सर्रास करतात, त्यात चोरी नाही. पण गावातल्या वाचकाला ‘६८१ कोटी’ वाचून वाटतं की बँकेत लोकांचे ६८१ कोटी आहेत. प्रत्यक्षात ठेवीदाराने ठेवलेला रुपया बँकेने कर्ज म्हणून दिला की तोच रुपया बेरजेत दोनदा मोजला जातो. म्हणून ठेवी आणि कर्जं वेगवेगळी द्या. बेरीज द्यायचीच असेल तर मागाहून, ‘ठेवी व कर्जे मिळून’ असं स्पष्ट लिहून.

त्यातही एक बारीक गोष्ट आहे. तुमच्या मूळ फाइलमध्ये एके ठिकाणी ‘कर्जवाटप २६८ कोटी’ असं लिहिलंय. ते चूक आहे. २६८ कोटी ४० लाख ही ३१ मार्चला कर्जदारांकडून येणं असलेली रक्कम आहे. वर्षभरात वाटलेलं कर्ज हा वेगळा आकडा असतो आणि तो तुमच्या जोडपत्रात नाहीच. ही गल्लत इतक्या प्रेसनोटांत असते की पत्रकारही ती तशीच छापतात. पण ज्याला समजतं, त्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास तिथेच उडतो.

आता ‘विक्रमी’. दरवर्षी थोडी थोडी वाढणारी कुठलीही बँक दरवर्षी विक्रमच करत असते. वाचकाला हवं असतं ते म्हणजे गेल्या वर्षी किती होतं. मागच्या मार्चअखेर तुमच्या ठेवी ३८९ कोटी २० लाख होत्या, म्हणजे वाढ २३ कोटी ४० लाखांची, जेमतेम ६ टक्क्यांची. कर्जं २५१ कोटी ७५ लाखांवरून २६८ कोटी ४० लाखांवर गेली, म्हणजे ६.६ टक्के. हे चांगले, मध्यम आकडे आहेत. त्यांना ‘गगनभरारी’ म्हटलं की वाचकाला पुढचं काहीच पटत नाही, आणि ‘६ टक्के वाढ’ म्हटलं की तो निमूटपणे पुढे वाचतो. ‘तब्बल’ मात्र आठवणीने काढा. ‘तब्बल’, ‘अवघ्या’, ‘केवळ’, ‘लीलया’ हे शब्द विशेषणांच्या यादीत बसत नाहीत म्हणून चाळणीतून सुटतात. आकडा मोठा की लहान हे वाचकाच्या वतीने ठरवून टाकण्याचं काम तेच करत असतात.

आता मुख्य गोष्ट, शून्य टक्के एनपीए. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण तुमची नोट खरी इथे अडली आहे आणि अध्यक्षांशी वादही इथेच होणार आहे.

कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की सर्वसाधारणपणे ते खातं अनुत्पादक धरतात. अशा सगळ्या खात्यांची येणे रक्कम म्हणजे ढोबळ एनपीए. त्यांच्यासाठी बँक नफ्यातून तरतूद करून ठेवते, तुमच्या ताळेबंदात ती ‘संशयित व बुडीत कर्ज निधी’ या नावाने आहे. ढोबळ एनपीएतून ती तरतूद वजा केली की उरतो निव्वळ एनपीए. तुमचा ढोबळ एनपीए आहे १२ कोटी ३५ लाख, म्हणजे येणे कर्जाच्या ४.६ टक्के. निधी आहे १२ कोटी ९० लाखांचा. निधी थकबाकीपेक्षा जास्त, म्हणून निव्वळ एनपीए शून्य.

म्हणजे ‘निव्वळ एनपीए शून्य टक्के’ हे वाक्य अगदी खरं आहे. ‘एनपीए शून्य टक्के’ हे वाक्य खोटं आहे. एक शब्द गाळल्याने सव्वाबारा कोटींची थकबाकी दिसेनाशी झाली. सामान्य वाचक याचा अर्थ ‘या बँकेचं कोणाचंच कर्ज थकलेलं नाही’ असाच घेणार. शिवाय मागच्या वर्षी ढोबळ एनपीए १० कोटी ५८ लाख होता, म्हणजे ४.२ टक्के. यंदा तो वाढलाय. ‘परंपरा कायम राखत’ या शब्दांनी नेमकी ही वाढ झाकली.

त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर: लिहायचं, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. वाढीचं कारणही एका वाक्यात द्यायचं. अध्यक्षांना पटवताना तत्त्वाच्या गप्पा मारू नका, व्यवहाराचं बोला. हे आकडे सभासदांना वार्षिक अहवालात दिसणारच आहेत. मे महिन्यात ‘शून्य’ छापून आणलं आणि सप्टेंबरच्या सभेत एखाद्या सभासदाने अहवाल हातात धरून ‘मग हे १२ कोटी कसले?’ असं विचारलं, तर ती बातमी पहिल्या बातमीपेक्षा मोठी होते. उलट ‘थकबाकी इतकी आहे, तिच्यापेक्षा जास्त तरतूद आम्ही करून ठेवली आहे’ हे सांगणं बँकेच्या बाजूचंच आहे. तुमच्या नोटेतली सर्वात भक्कम गोष्ट खरं तर हीच होती, आणि ‘गौरवशाली परंपरे’च्या नादात तीच सांगायची राहिली.

कारण लिहिताना मात्र हात आखडता घ्या. वसुली विभागाकडून खात्री करून ‘ऊसवाहतुकीसाठी दिलेल्या काही वाहनकर्जांची परतफेड थकल्याने’ एवढंच लिहा. कर्जदारांची नावं नकोत, गावं नकोत. ‘कारखान्याने बिलं थकवल्यामुळे’ असंही लिहू नका, ते तुम्हाला कागदावर दाखवता येणार नाही आणि दुसऱ्या संस्थेवर आरोप होऊन बसेल.

पुढे, हे सगळे आकडे ऑडिटच्या आधीचे आहेत. नोटेत याचा उल्लेख कुठेच नाही. १ एप्रिलला सकाळी ‘वर्षअखेरचे आकडे’ पाठवायची आपल्याकडे बँकांना घाई असते, आणि त्यातला नफा व एनपीए हे मुख्यतः असे आकडे असतात जे लेखापरीक्षक बदलू शकतो. एखादं खातं अनुत्पादक धरायला हवं होतं असं त्याने म्हटलं की तरतूद वाढते आणि नफा त्याच हिशेबात खाली येतो. म्हणून ‘लेखापरीक्षणापूर्वीचे आकडे’ हे शब्द मजकुरात हवेत, तळटीप म्हणून नकोत. बँकेने स्वतः जाहीर केलेला एनपीए आणि प्रत्यक्ष थकबाकी यांत किती अंतर असू शकतं हे सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा महाराष्ट्राने पाहिलं आहे. तेव्हापासून सहकारी बँकेचा एनपीए म्हटला की वार्ताहर दोनदा बघतो. तुमच्या बँकेचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण तुमची नोट त्याच नजरेने वाचली जाते.

नफ्याचं थोडक्यात. ‘ऐतिहासिक नफा’ म्हटलंत आणि आकडाच दिला नाहीत! ताळेबंदात करोत्तर निव्वळ नफा ३ कोटी १८ लाख आहे, मागच्या वर्षी २ कोटी ९४ लाख होता. हे दोन आकडे लिहा, विषय संपला. अनेक नोटांत तरतुदी आणि कर वजा करण्याआधीचा ढोबळ नफा नुसता ‘नफा’ म्हणून देतात, तो मोह टाळा. आजवरचा सर्वाधिक नफा असेल तर तसं लिहायला हरकत नाही, पण त्यासाठी जुने अहवाल काढून खात्री करा. एखाद्या वर्षी सरकारी रोखे विकून मोठा फायदा झालेला असतो आणि त्या वर्षीचा नफा यंदापेक्षा जास्त निघतो.

लाभांश ‘देण्यात येणार आहे’ हे आज म्हणता येत नाही. संचालक मंडळ फक्त शिफारस करतं, मंजुरी वार्षिक सर्वसाधारण सभा देते, आणि ती सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. शिवाय ऑडिट आणि रिझर्व्ह बँकेचे निकष मध्ये आहेतच. तेव्हा ‘१० टक्के लाभांशाची शिफारस’ असं लिहा. ‘घसघशीत’ हा शब्द तर अंगाशी येणारा आहे: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात पूर्वपरवानगीशिवाय लाभांशाची कमाल मर्यादा १५ टक्के आहे. शेजारच्या बँकेने १२ टक्के दिला की तुमचा घसघशीतपणा संपला.

‘आपली ठेव शंभर टक्के सुरक्षित’ हे वाक्य पूर्ण काढा. सौम्य करू नका, काढाच. ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याआधी ते १ लाख होतं. ज्याची ठेव ८ लाखांची आहे त्याला तुम्ही ‘शंभर टक्के’ कशाच्या जोरावर सांगता? विम्याची माहिती द्यायची असेल तर शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात द्या. तसं पाहिलं तर ती बातमी नाही, कारण विम्याखालच्या सगळ्याच बँकांना हे लागू आहे. पण बऱ्याच जणांना बँक आणि पतसंस्था यांतला फरक माहीत नसतो आणि पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नसतो, त्यामुळे वाक्य अगदीच वाया जात नाही.

‘अग्रगण्य’, ‘अत्याधुनिक डिजिटल सुविधा’ यांना मी एकच कसोटी लावतो: बँकेच्या जागी शेजारच्या बँकेचं नाव घालून वाक्य वाचायचं. तरीही ते तितकंच चालत असेल तर त्यात तुमच्या बँकेबद्दल काही नाही. डिजिटल सुविधांत यंदा नवीन काय झालं? मोबाइल बँकिंग सुरू झालं असेल तर कोणत्या महिन्यात, किती खातेदारांनी घेतलं? सांगता येत नसेल तर तो परिच्छेदच नको. खाली मी तो गाळलाय.

सोनेतारण कर्जाचं वाक्य उपसंपादकाने म्हटलं तसं खरोखर जाहिरात विभागाचं आहे. ‘सर्वात कमी व्याजदर’ म्हणजे कोणाच्या तुलनेत, कोणत्या तारखेला? आणि ‘लाभ घ्यावा असे आवाहन’ हे तर उघडच गिऱ्हाईक बोलावणं आहे. त्याची वेगळी जाहिरात करा, पैसे देऊन छापा, तिथे हवी तितकी विशेषणं घाला. एकाच कागदावर दोन्ही घातलं की बातमीही जाते आणि जाहिरातही जमत नाही.

राहिले अध्यक्ष. ‘दूरदर्शी नेतृत्वाखाली’ काढलंत की ते विचारणार, ‘माझं नाव कुठेय?’ त्यांना एक अवतरण द्या. माणसाच्या तोंडचं अवतरण हे बातमीत मतासाठी राखलेलं ठिकाण आहे, तिथे ते समाधान व्यक्त करू शकतात. फक्त त्यात एक तरी माहिती हवी, जी दुसरीकडे आलेली नाही. ‘सर्वांच्या सहकार्याने हे यश मिळाले’ हे वाक्य पहिलं कापलं जातं. वसुलीसाठी यंदा काय करणार हे त्यांनी सांगितलं तर ते कापलं जाणार नाही, कारण वाढलेल्या थकबाकीला बँकेचं उत्तर तेच आहे. अवतरण त्यांना विचारून, त्यांच्याकडून मंजूर करून घ्या, मनाने रचू नका. संचालकांची नावं फोटोओळीत घाला किंवा नोटेच्या अगदी तळाला. जागा कमी पडली की पानावर बातमी खालून छाटतात, त्यामुळे वर आकडे आणि खाली नावं असा क्रम ठेवला तर छाटूनही बातमी शाबूत राहते.

हे सगळं धरून नोट अशी होईल. अवतरणातला मजकूर नमुना आहे, तो तुमच्या अध्यक्षांच्या खऱ्या बोलण्याने बदला.

“अबक नागरी सहकारी बँकेच्या ठेवींत ६ टक्के वाढ

अबक नागरी सहकारी बँकेच्या ठेवी ३१ मार्च २०२५ अखेर ४१२ कोटी ६० लाख रुपये झाल्या. मागील वर्षअखेर त्या ३८९ कोटी २० लाख रुपये होत्या. याच काळात येणे कर्ज २५१ कोटी ७५ लाखांवरून २६८ कोटी ४० लाख रुपयांवर गेले. हे आकडे लेखापरीक्षणापूर्वीचे असल्याचे बँकेने कळवले आहे.

बँकेचा करोत्तर निव्वळ नफा ३ कोटी १८ लाख रुपये असून मागील वर्षी तो २ कोटी ९४ लाख रुपये होता. संचालक मंडळाने १० टक्के लाभांशाची शिफारस केली आहे. त्यावर वार्षिक सर्वसाधारण सभेत निर्णय होईल.

ढोबळ अनुत्पादक कर्जांचे (एनपीए) प्रमाण ४.२ टक्क्यांवरून ४.६ टक्के झाले. ऊसवाहतुकीसाठी दिलेल्या काही वाहनकर्जांची परतफेड थकल्याने ही वाढ झाल्याचे बँकेने म्हटले आहे. १२ कोटी ३५ लाख रुपयांच्या या थकीत कर्जांसाठी बँकेकडे १२ कोटी ९० लाख रुपयांची तरतूद असल्याने निव्वळ एनपीए शून्य टक्के आहे.

‘थकीत वाहनकर्जांच्या वसुलीसाठी स्वतंत्र पथक नेमले आहे. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी या कर्जदारांशी परतफेडीबाबत बोलणी पूर्ण करू,’ असे बँकेचे अध्यक्ष (नाव) यांनी सांगितले.

बँकेची स्थापना (वर्ष) मध्ये झाली असून (जिल्हा) जिल्ह्यात तिच्या (संख्या) शाखा आहेत. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे प्रति ठेवीदार ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे.”

शीर्षकात मी नफा घेतला नाही, ठेवी घेतल्या, कारण ऑडिटमध्ये ठेवींचा आकडा बदलायची शक्यता फार कमी असते. क्रियापदंही बघा: ‘झाल्या’, ‘होत्या’, ‘गेले’, ‘म्हटले आहे’. ‘गाठले’, ‘मजल मारली’, ‘टप्पा ओलांडला’ आलं की वाक्यात शर्यत सुरू होते. ‘आपली बँक’ही गेली, तिच्या जागी बँकेचं पूर्ण नाव आलं. आणि ‘बँकेने कळवले आहे’ हे शब्द मुद्दाम ठेवलेत. आकडे कोणाचे आहेत हे वाचकाला कळलं पाहिजे, वार्ताहराने ते स्वतः तपासलेले नाहीत.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो. एवढं करूनही एखादं मोठं दैनिक ही बातमी दोन परिच्छेदांत छापेल, एखादं छापणारही नाही. ६ टक्के वाढ ही जिल्हा पानाच्या आतली बातमी आहे, तिला त्याहून मोठं करायला गेलात की पुन्हा ‘गगनभरारी’कडे पोचाल. पण वार्ताहर निव्वळ एनपीएचा भाग ठेवून ढोबळवालं वाक्य उडवायला तयार झाला, तर तुम्हीच फोन करून ते ठेवायला सांगा. छापलेल्या कात्रणावर नाव बँकेचं असतं.

नोटेखाली संपर्क क्रमांक द्याल तो जनसंपर्काचा एकटा देऊ नका. ताळेबंद समजावून सांगू शकेल अशा अधिकाऱ्याचाही द्या, आणि नोट पाठवाल त्या संध्याकाळी त्यांना फोन उचलायला सांगून ठेवा. पहिला प्रश्न वाहनकर्जांवरच येईल.